सव्वापाचच्या पावत्या गेल्या कुठे?

सकाळी नऊच्या सुमारास एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्या दिवशी तारीख 9 होती. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "साहेब, माझ्याकडं पावत्या बाराशे चाळीस लिटरच्या. तुमच्या फळ्यावर नऊशे पाच. बाकीचं दूध सांडलं म्हणायचं का?"

'फळा' म्हणजे आमचा डॅशबोर्ड. मी तेव्हा ज्या दूध संघात आकडेवारीचं काम बघत होतो, तिथे बासष्ट संकलन केंद्रांचं सकाळ-संध्याकाळचं दूध एका पडद्यावर दिसायचं. केंद्रवार लिटर, फॅट, एसएनएफ आणि टँकर किती भरणार याचा अंदाज, एवढं त्यात होतं. शेतकऱ्यांचं दहा दिवसांचं बिल या पडद्यावरून निघत नसे, ते थेट पावत्यांवरून निघायचं. पण टँकर कुठे आधी पाठवायचा हे पडदा पाहूनच ठरायचं. तिथे 335 लिटर कमी दिसले की टँकरची आखणी चुकते आणि कुठल्यातरी केंद्रावर दूध कॅनमध्येच तापत राहतं.

मी आदल्या दिवसाचा, म्हणजे 8 तारखेचा आकडा उघडला. सचिवांच्या वहीत सकाळचं दूध 1,228 लिटर होतं आणि पडद्यावर 1,232. चार लिटरचा फरक कोणी मनावर घेत नाही. म्हणजे कालचं बरोबर आणि आजचं चूक? उद्या पाहिलं तर कदाचित आजचंही बरोबर दिसेल, असली ही चूक होती. ती सहा दिवस कोणाच्या लक्षात कशी आली नाही, हे तिथेच थोडं उमगलं.

पुढचा तपास पाऊण तासात संपला. तो एवढ्यात संपला, कारण त्याच्या वर्षभर आधी आम्ही डॅशबोर्डची व्याख्या आणि त्याला रोज ताजे आकडे पुरवणाऱ्या स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवायला सुरुवात केली होती. त्याआधी असा फोन आला की दोन दिवस जायचे, आणि शेवटी "आता नीट दिसतंय" एवढंच हाती लागायचं.

पडद्यावर दिसणारा आकडा दोन ठिकाणी घडतो. पहिलं ठिकाण रिफ्रेश स्क्रिप्ट. ती ठरलेल्या वेळी आपोआप चालते, हजारो पावत्यांच्या कच्च्या नोंदी वाचते आणि 'या केंद्राचं, या तारखेचं, या वेळचं इतकं दूध' अशी गोळाबेरीज वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवते. दुसरं ठिकाण डॅशबोर्डची व्याख्या. कोणत्या चौकटीत कोणता प्रश्न विचारायचा, सरासरी कशी काढायची, किती लिटरच्या खाली आकडा लाल करायचा, हे सगळं त्यात असतं. आम्ही ग्राफाना वापरत होतो. त्यात माउसने कितीही देखणा डॅशबोर्ड उभा केला, तरी आत तो जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या स्वरूपातच साठवला जातो. स्क्रिप्टही मजकूरच. आणि मजकुरात ओळीगणिक काय बदललं हे दाखवणं हेच तर गिटचं काम.

गिट लिहिलं लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी, एप्रिल 2005 मध्ये. लिनक्सचे जगभरचे प्रोग्रॅमर तोवर बिटकीपर नावाची प्रणाली वापरत होते. तिचा फुकट वापर बंद झाला, म्हणून त्यांनी स्वतःचं साधन तयार केलं. कल्पना अशी की, फाइलींत बदल केला की त्या क्षणाची नोंद करायची. या नोंदीला 'कमिट' म्हणतात. कोणी बदललं, कधी बदललं आणि का बदललं हे तिच्यासोबत राहतं, आणि प्रत्येक नोंदीला मजकुरावरूनच काढलेला एक लांबलचक क्रमांक मिळतो. त्याची पहिली सात अक्षरं रोजच्या वापराला पुरतात. जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली तर तिचा आणि तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींचा क्रमांक बदलतो. जुन्या रोजकीर्दीत पानांना आधीच क्रमांक घातलेले असत, मधलं पान फाडलं तर लगेच कळे. हेही तसंच.

आमची मांडणी अगदी साधी होती. एका कप्प्यात `dashboards`, त्यात पडद्यांच्या जेसन फाइली. दुसऱ्यात `refresh`, त्यात एसक्यूएलच्या स्क्रिप्ट आणि त्या किती वाजता चालवायच्या याचं वेळापत्रक. सचिवांचा फोन ठेवल्यावर मी पहिली आज्ञा दिली ती ही:

```
git log --oneline --since="10 days ago" -- refresh dashboards
```

उत्तरात तीन ओळी आल्या, सर्वांत नवी वर. आम्ही नोंदी मराठीतच लिहायचो, गिटला देवनागरीचं वावडं नाही.

```
e83b0f4 दोन नवी संकलन केंद्रे यादीत घेतली
5b7e2d1 तारखेची ओळ सोपी केली
a1906cc फॅटची सरासरी लिटरनुसार भारित केली
```

म्हणजे दहा दिवसांत तीन बदल झाले होते. त्यातला सर्वांत जुना डॅशबोर्डच्या व्याख्येतला, आणि तो गरजेचाच होता. समजा एका केंद्रावर 300 लिटर दूध 3.4 फॅटचं आलं आणि दुसऱ्यावर 100 लिटर 4.2 फॅटचं. पडद्यावरची चौकट दोन आकड्यांची बेरीज करून निम्मी करायची आणि 3.8 दाखवायची. पण ते दूध एकत्र ओतलं तर टाकीतलं फॅट 3.6 भरतं, कारण 3.4 चं दूध तिप्पट आहे. प्रयोगशाळेचा आकडा आणि पडद्याचा आकडा कधीच जुळत नव्हता, तो या बदलाने जुळायला लागला. नोंदीत हे उदाहरणच लिहून ठेवलं होतं. बदल फक्त फॅटच्या चौकटीतला, त्याचा लिटरशी संबंध नाही. सर्वांत नवी नोंद दोन केंद्रं वाढवण्याची. तिने जुन्या केंद्राचं दूध कमी होणार नाही. राहिली मधली, 3 तारखेची नोंद.

```
git show 5b7e2d1
```

```diff
-  (nond_vel AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date AS divas,
+  nond_vel::date AS divas,
```

वजा चिन्हाची ओळ काढलेली, अधिक चिन्हाची घातलेली. पावती फाडली त्या क्षणावरून तारीख कशी ठरवायची, ते ही ओळ सांगते. जुनी ओळ सांगत होती की आधी भारतीय वेळ कर, मग तारीख काढ. नवी ओळ नुसतंच म्हणते की तारीख काढ. कोणाच्या घड्याळाप्रमाणे, ते सांगतच नाही. न सांगितल्यास पोस्टग्रेस हा डेटाबेस ती जोडणी ज्या कालविभागात चालू आहे त्याप्रमाणे तारीख काढतो. आमच्या सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र होते. सव्वापाचला फाडलेली पावती सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाची.

बहुतेक केंद्रं सहाला उघडतात, त्यांना काहीच झालं नाही. चार केंद्रं पाचला उघडतात, कारण त्यांचा टँकर लवकर येतो. तिथल्या पाच ते साडेपाचच्या पावत्या आदल्या तारखेत जात होत्या. सचिवांच्या केंद्रावर 9 तारखेला या अर्ध्या तासात 335 लिटर दूध आलं होतं, तेवढंच कमी दिसलं. 1,240 वजा 335 म्हणजे 905. आणि 8 तारीख बरोबर का वाटली? तिचे पहाटेचे 331 लिटर 7 तारखेत गेले होते, पण 9 तारखेचे 335 तिच्यात येऊन बसले होते. 1,228 मधून 331 गेले, 335 आले, झाले 1,232. रोज एक लचका जायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच दुसरीकडून भरून यायचा. महिन्याचा अहवाल पाहणाऱ्याला हे कधीही दिसलं नसतं. ज्याला आजचा आकडा आजच लागतो, त्यालाच ते दिसलं.

बदल करणारा माझा तरुण सहकारी कामचुकार नव्हता. त्याने ओळ बदलल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवर डीबीव्हर उघडून तपासणीही केली होती, आणि आकडे तंतोतंत जुळले होते. यातली गोम मला फार शिकवून गेली. डीबीव्हर जावामार्फत डेटाबेसशी बोलतं, आणि तो जोडणारा दुवा लॅपटॉपचा कालविभागच जोडणीला लावतो. लॅपटॉप भारतीय वेळेवर, म्हणून उत्तर बरोबर. रात्रंदिवस आपोआप चालणारी स्क्रिप्ट मात्र सर्व्हरवरून `psql` मार्फत जायची आणि सर्व्हरचीच वेळ घ्यायची. एकच ओळ दोन ठिकाणी दोन तारखा देत होती. त्याला ती जुनी ओळ लांबड वाटली, कारण ती का आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती लिहिताना कारण मीही लिहिलं नव्हतं. तेव्हा आम्ही गिट वापरत नव्हतो.

बदल सापडला, आता तो मागे घ्यायचा. इथे अनेकांचा हात पहिल्यांदा जुन्या बॅकअपकडे जातो, की 2 तारखेची फाइल आणू आणि वर टाकू. तसं केलं असतं तर स्क्रिप्टमध्ये नंतर वाढवलेली दोन केंद्रं पडद्यावरून गायब झाली असती. सगळा कप्पाच परत आणला असता, तर कदाचित फॅटची चुकीची सरासरीही परत आली असती. गिटमध्ये मधला एकच बदल उलटा करता येतो:

```
git revert 5b7e2d1
```

ही आज्ञा इतिहासातून काही पुसत नाही. त्या बदलाच्या नेमका उलट असा एक नवा बदल ती शेवटी जोडते. चुकीची ओळ 3 ते 9 तारखेपर्यंत चालू होती हे नोंदीत राहतं, ती कधी आणि का मागे घेतली हेही राहतं. दुसरी एक आज्ञा आहे, `git reset --hard`. ती आपल्याला जुन्या नोंदीवर नेऊन ठेवते, त्यानंतरच्या नोंदी शाखेतून वगळते, आणि फाइलींत अजून नोंद न केलेलं काम असेल तर तेही पुसून टाकते. चार जण मिळून वापरतात त्या ठिकाणी ही आज्ञा वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं उलटं फिरवणं सरळ झालं, कारण सहकाऱ्याने त्या नोंदीत एकच गोष्ट बदलली होती. नेहमी असं होत नाही. 'किरकोळ सुधारणा' अशा एका नोंदीत पाच गोष्टी कोंबल्या असतील तर ती उलटवताना पाचही उलटतात, त्यातल्या चार चांगल्या असल्या तरी. आणि त्याच ओळीवर नंतर कोणी हात फिरवला असेल, तर गिट थांबतं, 'इथे संघर्ष आहे' असं दाखवतं आणि निवाडा माणसावर सोडतं.

स्क्रिप्ट दुरुस्त झाली तरी पडदा अजून चूकच होता. हे नवशिक्यांना हमखास चकवतं. गिटमध्ये आकडे काढण्याची रीत असते, आकडे नसतात. रीत मागे नेली म्हणून चुकीच्या रीतीने आधीच लिहिले गेलेले आकडे बदलत नाहीत, त्या तारखांची गोळाबेरीज पुन्हा करावी लागते. आमच्या कच्च्या पावत्यांना स्क्रिप्ट हात लावत नसे, ती फक्त वाचायची. शिवाय ती एखाद्या तारखेची जुनी गोळाबेरीज काढून टाकून त्या जागी नवी लिहायची, आणि दोन्ही कामं एकाच व्यवहारात करायची. त्यामुळे ती एकदा चालवा की दहादा, आकडा दुप्पट होत नसे.

कोणत्या तारखांपासून पुन्हा चालवायचं? सहकारी म्हणाला, "सर, बदल तीनला झाला, तर तीनपासून." पण स्क्रिप्ट रोज आज आणि काल अशा दोन तारखा नव्याने करायची, कारण रात्री उशिरा पावत्यांची दुरुस्ती येते. म्हणजे 3 तारखेला बदललेल्या स्क्रिप्टने 2 तारीखही बिघडवली होती. आम्ही 2 ते 9 अशा आठ तारखा पुन्हा काढल्या. 1 तारीख शाबूत होती, कारण तिला शेवटचा हात जुन्या, बरोबर रीतीने लागला होता. मग चारही केंद्रांच्या आठ दिवसांच्या वह्यांशी आकडे ताडून पाहिले. 9 तारखेला 1,240 आणि 8 तारखेला 1,228 दिसल्यावरच सचिवांना उलट फोन केला. स्क्रिप्टने कच्च्या नोंदीच बदलल्या असत्या, तर गिट काहीही करू शकलं नसतं. तिथे डेटाबेसचा बॅकअपच लागतो.

दुरुस्तीसोबत त्या ओळीच्या वर आम्ही एक टिपणही लिहिलं: सर्व्हर जागतिक वेळेवर आहे, ही ओळ काढल्यास साडेपाचच्या आधीच्या पावत्या आदल्या दिवशी जातात. पण असं टिपण पुढच्या माणसाने पुसलं तरी गिटकडून उत्तर मिळतं. `git log -S"Asia/Kolkata"` असं विचारलं, तर ते शब्द जिथे घातले किंवा काढले त्या सगळ्या नोंदी समोर येतात. कुठल्या ओळीवर शेवटचा हात कोणाचा, हे `git blame` सांगतं. आज्ञेच्या नावात दोषारोप आहे, पण तिचा खरा उपयोग ती नोंद गाठून तिथलं कारण वाचण्यासाठी होतो.

डॅशबोर्डच्या जेसन फाइलींनी मात्र आम्हाला सुरुवातीला चांगलंच पिडलं. ग्राफानामध्ये नुसतं 'जतन करा' दाबलं तरी आतला `version` हा आकडा एकाने वाढतो. एका ग्राफानातून दुसऱ्यात नेलं की `id` बदलतो. फाइलीत खरा बदल एका ओळीचा, आणि दिसतात भलत्याच ओळी बदललेल्या. असा गोंगाट दोन महिने पाहिला की माणूस बदल वाचणंच सोडतो, मग नोंद ठेवून उपयोग काय? आम्ही फाइल आत घेण्याआधी ती गाळून घ्यायला लागलो:

```
jq -S 'del(.id, .version)' purvi.json > dashboards/sankalan.json
```

यात ते दोन आकडे काढले जातात आणि `-S` मुळे बाकीच्या खुणा वर्णानुक्रमे लागतात, म्हणजे नुसत्या क्रमबदलाचा गोंधळ राहत नाही. ग्राफानाची स्वतःची आवृत्त्यांची नोंद असते हे खरं, पण ती मुळात प्रत्येक डॅशबोर्डच्या शेवटच्या 20 आवृत्त्याच ठेवते, आणि स्क्रिप्टशी तिचा काही संबंध नसतो. आमची चूक स्क्रिप्टमध्ये होती, तिथे ती गप्पच राहिली असती. पॉवर बीआय वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांची `.pbix` फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं. ते गिटमध्ये ठेवता येतं, पण आत काय बदललं ते ओळीगणिक दिसत नाही. 2023 पासून मायक्रोसॉफ्टने तेच काम मजकुराच्या अनेक फाइलींत जतन करण्याची सोय दिली आहे, तिचा वापर करावा.

सगळ्यांत मोठा धोका मला दुसरीकडे दिसतो. गिटमध्ये एक आणि चालू आहे भलतंच. घाईत कोणीतरी सर्व्हरवर शिरून थेट स्क्रिप्ट बदलतं, किंवा ब्राउझरमध्ये चौकट बदलून जतन करतं, आणि गिटला पत्ताच नसतो. मग तपास करणारा चुकीच्या कागदावर बोट ठेवून बसतो. ग्राफानाचा दरवाजा बंद करता येतो. डॅशबोर्ड फाइलीतून भरायचे आणि त्या मांडणीत `allowUiUpdates: false` लिहायचं, म्हणजे ब्राउझरमध्ये कोणी खेळून पाहिलं तरी ते त्याच डॅशबोर्डवर जतन होत नाही. वेळापत्रकाचंही तसंच. सकाळी आठ दहाला चालणारी स्क्रिप्ट जागतिक वेळेच्या सर्व्हरवर `40 2 * * *` अशी लिहावी लागते. ही ओळ हाताने सर्व्हरवर न टाकता फाइलीत ठेवायची आणि `crontab refresh/crontab.txt` असं म्हणून चढवायची. एवढं लक्षात ठेवावं की ही आज्ञा तिथलं आधीचं सगळं वेळापत्रक काढून टाकते, तेव्हा सगळी कामं त्याच फाइलीत हवीत.

डेटाबेसचा पासवर्ड या कप्प्यात कधीही जाऊ देऊ नये. चुकून गेला आणि पुढच्या नोंदीत काढला, तरी जुनी नोंद उघडणाऱ्याला तो दिसतोच. इतिहास जपण्याचा गुण इथे आपल्यावरच उलटतो. अशा वेळी ओळ पुसत बसण्याआधी पासवर्ड बदलावा. आमचा पासवर्ड सर्व्हरवरच्या `.pgpass` फाइलीत, गिटच्या बाहेर राहायचा.

सचिवांच्या त्या फोननंतर आम्ही आणखी एक गोष्ट केली. स्क्रिप्ट चालली की ती `git rev-parse --short HEAD` विचारते, म्हणजे सर्व्हरवरच्या कप्प्यातली ताजी नोंद कोणती ते. तो क्रमांक आणि वेळ ती एका तक्त्यात लिहिते, आणि डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात ते दोन्ही बारीक अक्षरांत दिसतं. सर्व्हरवर कोणी फाइलीत हात घालून नोंद केली नसेल, तर क्रमांकाला फुली लागते. त्यासाठी स्क्रिप्ट आधी `git status --porcelain` विचारते, काही उत्तर आलं तर फुली.

पुढे काही महिन्यांनी त्याच सचिवांचा पुन्हा फोन आला, या वेळी फॅटच्या आकड्याबद्दल. मी काही विचारण्याआधी त्यांनी चष्मा लावून कोपरा वाचून दाखवला. "साहेब, आज आठ दहाला चाललंय, आणि नंबरापुढं फुली आहे."